आठवीच्या वर्गाचे अवतार: पालकांना पाठवलेलं पत्र आणि त्यामागच्या नोंदी

सातपूर, नाशिक. मराठी माध्यम, आठवीचा एक वर्ग, ४६ मुलं. संगणक कक्षात पंधरा संगणक, त्यातले बारा चालू. असंच काम कुणाला करायचं असेल तर या नोंदी उपयोगी पडाव्यात म्हणून ठेवल्या आहेत.

५ जानेवारी २०२६

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी आठवीचं भित्तिपत्रक लागतं आणि त्याची पीडीएफ पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाते. तिथून ती कुठवर जाते ते कुणालाच ठाऊक नसतं. आजवरच्या पद्धतीत लेखाशेजारी मुलाचा पासपोर्ट फोटो, पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि वर शाळेचं नाव असं सगळं एका पानावर येतं. यंदा फोटोच्या जागी मुलांनी स्वतः काढलेला अवतार, म्हणजे स्वतःचं साधं रंगीत चित्र, द्यायचा. फोटो लागेल तो फक्त खाली ठेवून वरून गिरवायला.

एका सहकाऱ्याने मोबाइल अ‍ॅप सुचवलं. फोटो टाकला की क्षणात कार्टून तयार. चित्र छान येतं, पण फोटो त्या कंपनीच्या संगणकावर जातो. तो तिथून पुसला गेला की नाही, हे मी पालकांना कशाच्या जोरावर सांगणार? शिवाय मुलांना त्यात शिकायला काहीच नाही. म्हणून इंकस्केप हा संगणकावर चित्र काढायचा प्रोग्रॅम. मोफत आहे, इंटरनेट लागत नाही आणि आमच्या जुन्या संगणकांवर चालतं.

पत्राचा पहिला कच्चा मसुदा लिहिला. त्यातलं मुख्य वाक्य असं: "मुलांचे फोटो सुरक्षित ठेवले जातील व काम झाल्यावर नष्ट केले जातील." वाक्य भारदस्त आहे. पण सुरक्षित म्हणजे कुठे आणि नष्ट म्हणजे कसे, हे कुणी उभं करून विचारलं तर काय सांगायचं? ठरवलं की पत्रातलं प्रत्येक आश्वासन आधी माझ्याच फोटोवर करून बघायचं. जमलं तर पत्रात राहील, नाहीतर वाक्य बदलायचं.

७ जानेवारी

मसुदा मुख्याध्यापिकाबाईंना दाखवला. संमतीच्या चिठ्ठीत खाली एक ओळ होती: "नकार असल्यास कारण." बाईंनी ती लाल पेनाने खोडली. म्हणाल्या, "घरात कोर्टकचेरी चालू असेल, कुणापासून पत्ता लपवायचा असेल, ते काय चिठ्ठीवर लिहून देणार आहेत? नाही म्हटलं की नाही." ओळ गेली.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदी लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे, पण आपण आत्ताच तसं वागायला कुणाची ना नाही. त्यातली मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट अशी की, संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. म्हणजे "लेखी अर्ज करावा" वगैरे चालणार नाही. वहीत एक ओळ लिहून दिली तरी पुरे.

११ जानेवारी, रविवार

घरी माझ्या मोबाइलने माझाच फोटो काढला, यूएसबीने संगणकावर घेतला आणि फोटोच्या फाइलमध्ये दडलेली माहिती दाखवणारा exiftool हा प्रोग्रॅम चालवला:

```
exiftool -gps:all photo.jpg
```

अक्षांश-रेखांश आले. नकाशावर टाकले तर खूण थेट आमच्या सोसायटीवर. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती निघून जाते, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जशीच्या तशी पोहोचते. फोटो चांगला दिसावा म्हणून डॉक्युमेंट करून पाठवणारे पालक आमच्या गटात भरपूर आहेत.

दुसरी अडचण फोनचीच. माझा फोन फोटोची प्रत आपोआप गूगल फोटोजवर चढवतो. तिथून डिलीट केलं तरी फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस पडून राहतो. म्हणून मोबाइल बादच केला, माझाही आणि पालकांचाही. शाळेच्या कपाटात जुना डिजिटल कॅमेरा आहे, त्याला ना जीपीएस ना वायफाय. फोटो त्याच्यावरच काढायचे, घरून कुणी काही पाठवायचं नाही. हे वाक्य पत्रात गेलं.

कॅमेऱ्याच्या फोटोतली उरलीसुरली माहिती काढताना एक गंमत झाली. exiftool ने सगळं पुसलं आणि उभे फोटो आडवे झाले. फोटो कोणत्या बाजूने बघायचा ही खूणही त्याच माहितीत असते, तीही पुसली गेली. त्यामुळे आधी फोटो खरोखर फिरवून घ्यायचा आणि मग पुसायचा. इमेजमॅजिक या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही एकदमच होतं, आकारही कमी होतो:

```
magick mogrify -auto-orient -strip -resize 1200x1200 *.jpg
```

मूळ फोटोवरच लिहिलं जातं, म्हणून हे वेगळ्या फोल्डरमधल्या प्रतींवर चालवावं.

१३ जानेवारी

आज खरी मेख सापडली. माझा फोटो इंकस्केपमध्ये घेतला, वर नवीन थर टाकून पेन टूलने चेहरा, केस, चष्मा काढला. मग फोटोच्या थराशेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं. पडद्यावर फक्त चित्र. फाइल सेव्ह केली तर ४०० केबीच्या वर भरली. चार रेघा आणि पाच रंग यांना इतकी जागा कशी लागेल?

नोटपॅडमध्ये उघडली. इंकस्केपची एसव्हीजी फाइल म्हणजे साधा मजकूरच असतो. वरच्या काही ओळी फाइलच्या माहितीच्या, आणि मग `data:image/jpeg;base64,` च्या पुढे पानंच्या पानं अक्षरांचा चिखल. तो माझा फोटो होता, अख्खा. डोळा बंद केल्याने थर फक्त दिसेनासा होतो, फाइलमधून जात नाही. ही फाइल कुणाला दिली असती तर त्याने डोळा उघडला की फोटो हजर.

फोटो घेताना इंकस्केप विचारतं, Embed की Link. म्हणून Link करून पाहिलं. आता फोटो आत नव्हता, पण फाइलमध्ये `sodipodi:absref` म्हणून फोटोचा पूर्ण रस्ता लिहिलेला होता: ड्राइव्ह, फोल्डर, वर्गाचं नाव आणि माझ्या नावाची जेपीजी. मुलांच्या बाबतीत तिथे नाव-आडनाव आलं असतं.

तिसरा प्रकार क्लिपचा. फोटो फक्त चेहऱ्यापुरता कापलेला दिसतो, पण Release Clip केलं की मागची भिंत, शेजारी उभा असलेला माणूस, सगळं परत येतं.

उपाय दोन ठरवले. एक, फोटोवर क्लिक करून Delete दाबायचं, मगच शेवटचं सेव्ह, आणि तेही Plain SVG म्हणून. त्यात इंकस्केपच्या स्वतःच्या नोंदी उरत नाहीत. दोन, सगळ्या फाइलींची तपासणी:

```
findstr /i /m "data:image absref .jpg" *.svg
```

अवतरणात शब्दांमध्ये जागा सोडली की findstr त्यातला कोणताही एक सापडला तरी फाइलचं नाव दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर फाइली स्वच्छ. स्वच्छ चित्र माझ्याकडे ३०-४० केबीत बसतं, म्हणून १०० केबीच्या वरची फाइल नुसत्या आकारावरूनच संशयित धरायची. फोटोंना नावं द्यायची नाहीत. मुलाने चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीवरचा आकडा हेच फोटोचं नाव. यादी कागदावर, माझ्या कपाटात.

१७ जानेवारी

आता "नष्ट" या शब्दाची पाळी. कॅमेऱ्याचं ८ जीबीचं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं आणि घरी फोटोरेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमने चाळलं. माझे कालचे फोटो परत आले. त्यांच्या मागोमाग जुन्या क्रीडामहोत्सवातली मुलंही आली, कधीच शाळा सोडून गेलेली. कार्ड मध्ये किती वेळा फॉरमॅट झालं असेल देव जाणे.

विंडोजमध्ये Quick Format ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं. चहा होऊन भांडी आवरेपर्यंत चाललं. त्यात पूर्ण कार्डावर शून्यं लिहिली जातात. पुन्हा फोटोरेक चालवलं, काही मिळालं नाही.

पण संगणक कक्षातल्या हार्ड डिस्कचं काय? बारा मोठ्या डिस्क अशा पुसत बसलो तर दिवस जातील. म्हणून फोटो डिस्कवर उतरवायचेच नाहीत, काम पेन ड्राइव्हवरूनच करायचं. ८ जीबीचे सहा पेन ड्राइव्ह घेतले, २८० रुपयांना एक, एकूण १,६८० रुपये. एका वेळी सहाच संगणक आणि बाराच मुलं. त्यामुळे दोन गटांत होणारं काम चार गटांत गेलं. वेळेचा तोटा आहे, पण पुसायला सहाच वस्तू.

इंकस्केपच्या Preferences मध्ये Autosave चालू होतं आणि त्याचं फोल्डर C: वर. म्हणजे पेन ड्राइव्हवर काम करूनही फोटोसकट प्रत डिस्कवर गेलीच असती. सहाही संगणकांवर बंद केलं. विंडोज फोटोंची लहान चित्रंही साठवून ठेवतं. ती Disk Cleanup मध्ये Thumbnails निवडून काढायची, हे शेवटच्या दिवसाच्या यादीत लिहून ठेवलं.

१९ जानेवारी

पत्र पक्कं झालं. मागच्या बाजूला हिंदीत, कारण बरेच पालक उत्तरेकडून इथल्या कारखान्यांत आलेले आहेत. झेरॉक्सचे १८४ रुपये.

> आदरणीय पालक,
> सस्नेह नमस्कार.
>
> आठवीच्या भित्तिपत्रकात यंदा मुलांचे फोटो छापणार नाही. त्याऐवजी प्रत्येक मूल संगणकावर स्वतःचा अवतार, म्हणजे स्वतःचं साधं रंगीत चित्र, काढेल. चित्र गिरवण्यासाठी मुलाचा एक फोटो लागेल. त्यासाठी आपली परवानगी हवी आहे.
>
> फोटो शाळेच्या कॅमेऱ्यावर, वर्गात, मी स्वतः काढेन. मोबाइल वापरणार नाही. कृपया आपणही घरून फोटो पाठवू नये.
>
> फोटो इंटरनेटवर किंवा कोणत्याही अ‍ॅपमध्ये टाकला जाणार नाही. तो कॅमेऱ्याच्या कार्डावर, माझ्या कपाटात कुलपात राहणाऱ्या एका पेन ड्राइव्हवर आणि मुलांच्या कामाच्या सहा पेन ड्राइव्हवर असेल. फोटोवर नाव नसेल, फक्त एक आकडा असेल.
>
> अवतारात रंग, केस, चष्मा, टिकली, चेहऱ्यावरची खूण यातलं काय ठेवायचं ते मूल ठरवेल. दुसऱ्याच्या चित्राला कुणी हात लावणार नाही.
>
> भित्तिपत्रकात अवताराखाली फक्त पहिलं नाव किंवा मुलाने निवडलेलं टोपणनाव येईल. आपले मूल वर्गमित्रांना चित्रावरून ओळखू येऊ शकेल, याची कल्पना असू द्यावी.
>
> शनिवार, २१ फेब्रुवारी रोजी दुपारी १२ वाजता कार्ड आणि सर्व पेन ड्राइव्ह पूर्णपणे पुसले जातील. पालक-शिक्षक संघाचे दोन सदस्य तेव्हा हजर असतील. आपणही यावे.
>
> परवानगी द्यायची नसेल तर "नाही" वर खूण करावी. कारण लिहू नये. आपलं मूल आरशात बघून तेच काम करेल आणि गुणांत काही फरक पडणार नाही. आधी "हो" म्हणून नंतर विचार बदलला तर मुलाच्या वहीत एक ओळ लिहून पाठवावी. त्याच दिवशी फोटो काढून टाकू. पीडीएफ गटावर गेल्यानंतर मात्र ती परत घेणं माझ्या हातात राहणार नाही.
>
> खाली आपली आणि मुलाची, दोघांच्या सह्या हव्यात. मूल नाही म्हणालं तर ते नाहीच धरू.
>
> आपली,
> वर्गशिक्षिका

"चित्रावरून ओळखू येणार नाही" असं वाक्य आधीच्या मसुद्यात होतं. ते काढलं. कुरळे केस, गोल चष्मा आणि हनुवटीवरचा तीळ काढल्यावर वर्ग ओळखणारच.

२४ जानेवारी

पालकसभा. पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, वाचायला अडचण असलेल्यांसाठी ते गरजेचंच होतं. रात्रपाळी करून थेट आलेल्या एका वडिलांनी विचारलं, "बाई, पोरीला गोरी नाय ना करणार? फोटोवाला दरवेळी करतो." त्यांना रंगाचं वाक्य दाखवलं. एका आईने विचारलं, की टोपणनाव घेतलं तरी शाळेचं नाव वर असणारच ना? मुद्दा बरोबर होता. गटावर जाणाऱ्या पीडीएफमधून शाळेचं नाव आणि तुकडी काढायचं ठरलं, भिंतीवर राहील.

३८ जणांचा होकार आला, पाच "नाही", तीन चिठ्ठ्या आल्याच नाहीत. न आलेली चिठ्ठी म्हणजे नाही. म्हणजे आठ मुलं आरशाची.

२९ जानेवारी

फोटो काढले. आठ जण वेगळे उठून दिसू नयेत म्हणून टेबलावर लहान आरसे सगळ्यांसाठीच ठेवले आणि ज्याला हवं त्याने आरसा घ्यावा असं सांगितलं. होकार असलेल्यांपैकीही चौघांनी आरसाच घेतला, म्हणजे फोटो ३४ निघाले.

खिडकीकडे पाठ करून बसवलेल्या पहिल्या काही जणांचे चेहरे काळवंडले. त्यांना फिरवून पुन्हा काढले.

३ फेब्रुवारी

पहिला गट. वीस मिनिटांत वीज गेली. Autosave मीच बंद केलं होतं, त्यामुळे सगळ्यांचं काम गेलं. आता Autosave चालू ठेवलं आहे, फक्त त्याचं फोल्डर पेन ड्राइव्हवर दिलं.

दोघांनी Trace Bitmap शोधून काढलं. एक बटण दाबलं की फोटोचं आपोआप चित्र होतं. रंगांचे आठ थर घेतले तर तो फोटोच असतो, थोडा पोस्टरसारखा. तपासणीत तो सापडतही नाही, कारण आता त्या रेघा असतात. म्हणून नियम केला, चेहरा पेन टूलनेच काढायचा. नाकासाठी एक रेघ, डोळ्यांसाठी दोन आकार, त्याहून बारकाई नको.

६ फेब्रुवारी

दुसरा गट. एका मुलाने शेजाऱ्याचं नाक ताणून सोंडेएवढं केलं, अख्खी रांग हसली, ज्याचं नाक होतं तोही हसला, पण मग त्याने तास संपेपर्यंत माउसला हात लावला नाही. दोघांच्या जागा बदलल्या आणि पत्रातलं ते वाक्य फळ्यावर लिहिलं.

रंगाचा प्रश्न रात्रपाळीच्या वडिलांनी उगाच विचारला नव्हता. जवळजवळ सगळ्यांनी पॅलेटमधला फिकट गुलाबी उचलला. ड्रॉपरने फोटोतून रंग घ्यायला सांगितलं, तर सावलीतला राखाडी आला. गालाच्या उजेडातल्या भागावरून घेतला की नीट येतो. आरशाच्या मुलांसाठी गव्हाळ ते गडद अशा बारा छटांची पट्टी करून दिली आणि हात पडद्याला लावून जुळवायला सांगितलं. रात्रपाळीवाल्यांच्या मुलीने तिसऱ्यांदा बदलून मग आपला रंग पक्का केला.

१३ फेब्रुवारी

चारही गट संपले. findstr ने सात फाइली पकडल्या. पाचांत फोटो चित्राच्या मागे दडलेला, एकात क्लिप, एकात नुसता रस्ता. त्या मुलांना बोलावून त्यांच्यासमोर नोटपॅडमध्ये फाइल उघडली. "पण बाई, दिसत तर नव्हता!" त्यांच्याच हाताने फोटो काढून पुन्हा सेव्ह करून घेतलं. भित्तिपत्रकात फक्त पीएनजी लावले, एसव्हीजी कुणालाच दिल्या नाहीत.

दरम्यान एका घरून वहीत ओळ आली, "फोटो नको." आकडा बघून तो फोटो सगळीकडून काढला आणि फोटोवरून झालेलं चित्रही बाजूला ठेवलं. मुलीने मधल्या सुट्टीत आरशावरून नवं काढलं. तेच जास्त चांगलं आलं, असं आपलं माझं मत.

२१ फेब्रुवारी

संघाचे दोन सदस्य आले, शिवाय वर्गातल्या दोन मुलांच्या आया. कार्ड आणि सात पेन ड्राइव्ह पूर्ण फॉरमॅट केले, सहाही संगणकांवरची Thumbnails साफ केली. फोटोरेक एका पेन ड्राइव्हवर आणि कार्डावर चालवून दाखवलं, रिकामं आलं. सगळ्यावर मिळून संगणक कक्षात दोन तास गेले, कारण जुन्या संगणकांचे यूएसबी पोर्ट संथ आहेत. पत्रात वेळ १२ ऐवजी ११ टाकली असती तर लोकांचं जेवण टळलं नसतं.

आकडे आणि नावांची कागदी यादी फाडली. संमतीच्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत, वर्ष संपेपर्यंत. खर्च: पेन ड्राइव्ह १,६८०, झेरॉक्स १८४, आरसे ३६०. एकूण २,२२४ रुपये. पेन ड्राइव्ह आणि आरसे पुढच्या वर्गाला चालतील. त्यांच्या पत्रात शाळेचं नाव पीडीएफमध्ये नसेल, हे वाक्य पहिल्यापासून घालायचं आहे.